स्टॉपलॉस कुठे ठेवायचा, हे जुन्या सौद्यांना विचारा

शेअर बाजारात नवा आलेला माणूस ‘स्टॉपलॉस किती ठेवू?’ असं विचारतोच, आणि त्याला बहुतेक वेळा ‘दोन टक्के’ असं उत्तर मिळतं. हा आकडा सांगणाऱ्यालाही तो कुठून आला हे सांगता येत नाही. माझा तर्क असा, की एका सौद्यात आपल्या एकूण भांडवलाच्या एकदोन टक्क्यांहून जास्त गमवायचं नाही हा जुना नियम तोंडातोंडी फिरताना अर्धवट पोचला आणि लोक खरेदीच्या भावाखाली दोन टक्क्यांवर स्टॉप लावू लागले. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. भांडवलाचा नियम किती शेअर घ्यायचे ते ठरवतो. भाव किती खाली गेला म्हणजे आपला अंदाज चुकला असं मानायचं, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

काही जण चार्टवरचा आधार पाहून त्याच्याखाली स्टॉप ठेवतात, काही जण गोल आकड्याखाली. बरेच जण आपल्याला जेवढा तोटा सोसवेल तेवढ्यावर ठेवतात, पण आपली सोसण्याची ताकद त्या शेअरला माहीत नसते. या सगळ्यापेक्षा मोजून ठरवण्याची एक पद्धत आहे. अमेरिकेतल्या ‘टेक्निकल अॅनालिसिस ऑफ स्टॉक्स अँड कमोडिटीज’ या मासिकाचे तांत्रिक संपादक जॉन स्वीनी यांनी ती मांडली आणि १९९७ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. तिचं नाव जरा अवजड आहे: मॅक्झिमम अॅडव्हर्स एक्स्कर्शन, थोडक्यात एमएई. सौदा चालू असताना भाव आपल्या विरुद्ध जास्तीत जास्त किती गेला, एवढाच त्याचा अर्थ. भाव आपल्या बाजूने जास्तीत जास्त किती गेला, त्या मापाला एमएफई म्हणतात.

एक सौदा घेऊ. ४०० रुपयांना शेअर घेतला, दहा दिवसांनी ४१८ ला विकला. वहीत ‘साडेचार टक्के फायदा’ अशी नोंद झाली. पण मधल्या दिवसांत तो ३८९ पर्यंत खाली जाऊन आला होता आणि ४३१ पर्यंत वर चढून परतला होता. म्हणजे एमएई ११ रुपये, अर्थात पावणेतीन टक्के, आणि एमएफई ३१ रुपये, पावणेआठ टक्के. दोन टक्क्यांचा स्टॉप लावला असता तर हा फायद्याचा सौदा तोट्यात जमा झाला असता. वहीत फक्त शेवट लिहिल्यामुळे हे दिसत नाही. म्हणून प्रत्येक जुन्या सौद्यापुढे हे दोन आकडे लिहून काढायचे. तसे पाचपन्नास सौदे झाले की स्टॉपबद्दल पुराव्यानिशी बोलता येतं.

आता पद्धत एका उदाहरणावर चालवून पाहू. आकडे समजावण्यासाठी मी बेतलेले आहेत, पण अशा सौद्यांचा तोंडवळा साधारण असाच असतो. समजा एका गुंतवणूकदाराचा नियम असा आहे: शेअर गेल्या वीस दिवसांच्या उच्चांकावर बंद झाला की त्या दिवशी बंद होता होता घ्यायचा आणि दहाव्या दिवशी बंद भावाला विकायचा. प्रत्येक सौद्यात एक लाख रुपये. असे ६० सौदे आहेत आणि त्यांत अजून कुठलाही स्टॉप नाही.

नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या रोजच्या ‘भावकॉपी’त प्रत्येक शेअरचा उघडता, उच्चांकी, नीचांकी आणि बंद भाव मिळतो. तो एक्सेलमध्ये घेतला की खरेदीनंतरच्या दहा दिवसांतला सर्वांत खालचा भाव काढायचा. खरेदीचा भाव `B` रकान्यात आणि दहा दिवसांचे नीचांक `F` ते `O` रकान्यांत असतील, तर:

```
=MAX(0,(B2-MIN(F2:O2))/B2*100)
```

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. खरेदी दिवसाअखेर झाली असेल तर त्या दिवसाचा नीचांक धरायचा नाही, कारण तो भाव आला तेव्हा शेअर आपल्याकडे नव्हताच. आणि मधल्या काळात बोनस किंवा शेअरची विभागणी झाली असेल तर जुने भाव त्या प्रमाणात सुधारून घ्यायचे. एकास एक बोनस मिळालेला शेअर कच्च्या आकड्यांत एका दिवसात निम्म्यावर आलेला दिसतो आणि पन्नास टक्क्यांचं एमएई दाखवतो. कुठला आकडा अशक्य वाटला तर आधी हेच तपासावं.

साठपैकी ३३ सौदे शेवटी फायद्यात निघाले, २७ तोट्यात. फायद्यांची बेरीज १ लाख ३२ हजार, तोट्यांची १ लाख २ हजार, हाती ३० हजार. आता फायद्याचे आणि तोट्याचे सौदे वेगळे करून प्रत्येक गट एमएईनुसार लावायचा. फायद्याच्या ३३ पैकी १४ सौदे एक टक्काही खाली गेले नव्हते. १० सौदे एक ते दोन टक्क्यांत जाऊन आले आणि ५ सौदे दोन ते तीन टक्क्यांत. तीन टक्क्यांहून जास्त खाली जाऊनही फायद्यात परतलेले फक्त ४. तोट्याच्या गटात चित्र उलटं आहे: २७ पैकी १८ सौदे तीन टक्क्यांच्या पलीकडे गेले आणि त्यांतले ९ तर पाच टक्क्यांच्याही. या नऊ सौद्यांनीच ६३ हजार नेले.

एवढं पाहून ‘बस, तीन टक्के’ म्हणण्याचा मोह होतो. पण स्टॉप बुडणारे सौदे अडवतो तसे वाचू शकणारे सौदेही कापतो, आणि प्रत्येक कापणीची ठरलेली किंमत वसूल करतो. म्हणून नुसतं चित्र पाहून भागत नाही, हिशेब मांडावा लागतो. एक स्टॉप धरायचा. ज्या ज्या सौद्याचं एमएई त्याच्यापेक्षा मोठं आहे, मग तो शेवटी फायद्यात गेलेला का असेना, तो स्टॉपवर सुटला असं मानायचं. बाकीचे जसे सुटले तसेच. स्टॉप नेमक्या भावाला सुटत नाही, थोडी घसरण होते. तिच्यापोटी मी प्रत्येक वेळी दोनशे रुपये जादा धरले आहेत.

| स्टॉप | स्टॉपवर सुटलेले सौदे | त्यांपैकी एरवी फायद्यात गेलेले | हाती (रुपये) |
|---|---|---|---|
| १ टक्का | ४५ | १९ | १५,५०० |
| २ टक्के | ३२ | ९ | ३६,१०० |
| ३ टक्के | २२ | ४ | ४२,६०० |
| ४ टक्के | १५ | २ | ४१,००० |
| ५ टक्के | १० | १ | ३९,५०० |
| स्टॉप नाही | ० | ० | ३०,००० |

एक टक्क्याचा स्टॉप सुरक्षित वाटतो, कारण प्रत्येक तोटा छोटा असतो. पण त्याने १९ चांगले सौदे मारले आणि मिळकत निम्म्यावर आणली. खर्च अजून धरलेलाच नाही. डिलिव्हरीच्या सौद्यात खरेदी आणि विक्री दोन्हीवर ०.१ टक्का एसटीटी लागतो. मुद्रांक शुल्क आणि बाकीचं धरून एका सौद्याला पाव टक्का म्हणजे २५० रुपये समजू. साठ सौद्यांचे १५ हजार झाले. एक टक्का स्टॉपवाल्याच्या हाती ५०० रुपये उरले आणि ब्रोकरचं मात्र भागलं.

तीन, चार आणि पाच टक्क्यांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत. मला या तक्त्यात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. तीन टक्क्यांना ४२,६०० आणि २.९ टक्क्यांना २० हजार असं आलं असतं तर तो आकडा दोनतीन सौद्यांच्या नशिबावर उभा आहे असं समजून सोडून द्यायला हवा होता. आसपासच्या सगळ्या स्टॉपना बरा निकाल मिळतो, तेव्हाच त्यातला एक उचलावा. अर्धा अर्धा टक्का बदलत हाच हिशेब पुन्हा केला तर ते लगेच कळतं.

पण तक्त्यातला सर्वांत मोठा आकडा घेऊन उठायची घाई नको. इथे भांडवलाचा तो जुना नियम परत येतो. पाच लाख भांडवल आहे आणि एका सौद्यात एक टक्का, म्हणजे ५ हजारच गमवायचे असं ठरवलं. तीन टक्क्यांचा स्टॉप आणि घसरण मिळून ४०० च्या शेअरमागे १२.८० रुपये जाऊ शकतात, म्हणून ३९० शेअर घेता येतात, साधारण १ लाख ५६ हजारांचे. दोन टक्क्यांच्या स्टॉपला शेअरमागे ८.८० रुपयेच जातात, म्हणून ५६८ शेअर, २ लाख २७ हजारांचे. जोखीम तेवढीच, पण पैसा जास्त कामाला लागला. अशा समान जोखमीवर आणि खर्च वजा करून साठ सौदे मोजले तर दोन टक्क्यांना सुमारे ४८ हजार आणि तीन टक्क्यांना सुमारे ४३ हजार येतात. म्हणजे क्रम फिरला! मात्र दोन टक्क्यांच्या स्टॉपने पाच लाखांत एका वेळी दोनच सौदे मावतात, तीन टक्क्यांच्या स्टॉपने तीन. ज्याच्याकडे एकाच वेळी बरेच इशारे येतात त्याला तीन टक्के परवडतो, ज्याच्याकडे तुरळक येतात त्याला दोन. एक टक्का मात्र कोणत्याही मापाने बसत नाही. बाजारातल्या अर्ध्या वादांचं मूळ हे असतं, की एक जण समान रकमेवर मोजतो आणि दुसरा समान जोखमीवर.

टार्गेटसाठी एमएफई वापरायचं, पण तिथे निकाल बहुतेकांना रुचत नाही. तीन टक्क्यांच्या स्टॉपमधून वाचलेले ३८ सौदे घेऊ. त्यांतले २२ कधी ना कधी चार टक्के वर गेले होते. साहजिकच वाटतं, की चार टक्क्यांवर विकून टाकावं, हातातला फायदा परत का जाऊ द्यायचा? हिशेब असा: चार टक्क्यांच्या टार्गेटने मिळकत ४२,६०० वरून ३३ हजारांवर येते. सहा टक्क्यांना ३२,६००, आठ टक्क्यांना ४०,६००. असं होण्याचं कारण एका टोकाला दडलेलं आहे. फक्त चार सौदे बारा टक्क्यांच्या वर गेले आणि त्या चौघांनी मिळून ४६ हजार दिले, म्हणजे साऱ्या वर्गाच्या निव्वळ कमाईपेक्षा जास्त. चार टक्क्यांचं टार्गेट त्यांच्याकडून १६ हजारच घेतं. उच्चांक फोडणाऱ्या शेअरमागे जाण्याच्या पद्धतीत पैसा अशा मोजक्या लांब धावांतूनच येतो, म्हणून जवळचं टार्गेट तिथे घातक ठरतं. घसरलेला शेअर उसळीसाठी घेण्याच्या पद्धतीत एमएफई बहुधा एका पट्ट्यात गोळा होतं आणि टार्गेटला अर्थ येतो. बारा टक्क्यांच्या टार्गेटला आपल्या उदाहरणात ४४,६०० मिळतात खरे, पण तो निष्कर्ष चार सौद्यांचा आहे. मी तो धरणार नाही.

टार्गेट मोजताना क्रमही पाहावा लागतो. स्टॉपवर सुटलेल्या २२ पैकी दोन सौदे आधी चार टक्के वर जाऊन मग कोसळले होते. चार टक्क्यांच्या टार्गेटने ते वाचले असते, आणि वरच्या ३३ हजारांत ती भर धरलेली आहे. पण एकाच दिवशी भावाने स्टॉप आणि टार्गेट दोन्हींना हात लावला असेल तर आधी काय घडलं ते दिवसाच्या नोंदीवरून कळत नाही. अशा वेळी स्टॉप आधी लागला असं धरावं. नाहीतर कागदावरचा फायदा फुगतो.

आता या पद्धतीतली सर्वांत फसवी जागा. बहुतेक लोक हा हिशेब आपल्या ब्रोकरच्या खात्यातल्या खऱ्या सौद्यांवर करायला बसतात. पण त्या सौद्यांत आधीच कुठला तरी स्टॉप लावलेला असतो. समजा तुम्ही वर्षभर दीड टक्क्याचा स्टॉप लावत आलात. मग दीड टक्क्याखाली जाऊन फायद्यात परतलेला एकही सौदा तुमच्या वहीत सापडणार नाही, कारण तसा प्रत्येक सौदा तुम्हीच मधे तोडलात. विश्लेषण सांगेल, ‘तुमचे चांगले सौदे दीड टक्क्याखाली कधीच जात नाहीत, स्टॉप अगदी बरोबर आहे.’ तुमचीच सवय शोधाचं सोंग घेऊन समोर उभी राहते. घाबरून मधेच विकण्याची खोड असेल तरी हेच होतं, फक्त कडा जरा धूसर होते. ओळखायची खूण अशी, की तोट्याच्या सौद्यांची एमएई एकाच आकड्यावर ढीग करून बसलेली दिसतात आणि त्यापलीकडे जवळजवळ काही नसतं. नैसर्गिक पसारा तसा नसतो, तो हळूहळू विरळ होत जातो. उपाय एकच. खात्यातून फक्त खरेदीच्या तारखा आणि भाव घ्यायचे, आणि पुढचे दहा दिवस स्टॉप नव्हताच असं मानून भावकॉपीवरून सौदा पुन्हा चालवायचा. आपले साठ सौदे तसेच चालवलेले आहेत.

दुसरा भ्रम जास्त सूक्ष्म आहे. फायद्याच्या सौद्यांचं एमएई लहान आणि तोट्याच्यांचं मोठं, हा फरक पाहून लोकांना आपली खरेदीची पद्धत सिद्ध झाल्यासारखी वाटते. पण पाच टक्के तोट्यात सुटलेल्या सौद्याचं एमएई पाचपेक्षा कमी असूच शकत नाही. डोळे मिटून शेअर निवडले तरी हा फरक दिसणारच. म्हणून त्याच शेअरमध्ये, त्याच काळात, कुठल्याही तारखांना खरेदी केली असं धरून दोनतीनशे सौदे चालवून पाहावेत. त्यांच्यातही स्टॉप बदलला की निकालाला तोच आकार येत असेल, तर जे मोजलं ते बाजाराचं होतं, आपल्या पद्धतीचं नव्हे. खरेदीत दम नसेल तर स्टॉपचं अंतर बदलून फायदा तयार होत नाही, फक्त तोट्याची वाटणी बदलते.

साठ सौदे म्हणजे साठ वेगळे पुरावे असंही नसतं. ४ जून २०२४ ला लोकसभेचे निकाल लागले तेव्हा निफ्टी एका दिवसात जवळजवळ सहा टक्के खाली बंद झाला. त्या दिवशी हातात चार शेअर असलेल्याच्या चारही सौद्यांचं एमएई एकाच कारणाने फुगलं, तेव्हा पुरावा मोजताना तो एकच धरायला हवा. तोट्याच्या टोकाला बसलेल्या सौद्यांच्या तारखा म्हणूनच पाहाव्यात. नऊपैकी पाच एकाच आठवड्यातले निघाले तर त्या टोकावरून स्टॉप ठरवू नये. सोपी चाचणी अशी, की पहिल्या तीस सौद्यांवर स्टॉप ठरवायचा आणि उरलेल्या तीसांवर तो लावून पाहायचा. दुसऱ्या अर्ध्यातही तो ‘स्टॉप नाही’पेक्षा सरस ठरला तर त्याला थोडा आधार आहे.

अशाच दिवशी कळतं, की स्टॉप लावला म्हणजे तो त्याच भावाला सुटतोच असं नाही. बाजार उघडतानाच भाव स्टॉपच्या खाली असेल तर मिळेल त्या भावाला सुटावं लागतं. स्टॉपला मर्यादा भाव जोडलेला असेल आणि भाव झटक्यात त्याखाली गेला तर ऑर्डर तशीच पडून राहते. लोअर सर्किट लागलेल्या शेअरला तर घेणाराच नसतो. म्हणून हिशेब करताना ज्या दिवशी शेअर स्टॉपच्या खाली उघडला, तिथे स्टॉपचा भाव न धरता उघडता भाव धरावा. माझे सरसकट दोनशे रुपये ही सोय आहे, खरा हिशेब सौद्यागणिक करावा.

शेवटी टक्क्यांबद्दल. रोज एक टक्का हलणाऱ्या बँकेच्या शेअरला आणि रोज चार टक्के हलणाऱ्या छोट्या कंपनीला तोच तीन टक्क्यांचा स्टॉप लावणं वेडेपणा आहे. त्यासाठी एमएईला त्या शेअरच्या खरेदीवेळच्या चौदा दिवसांच्या सरासरी हालचालीने, म्हणजे एटीआरने भागतात. मग स्टॉप ‘दीड एटीआर’ असा निघतो आणि शेअरप्रमाणे रुंद किंवा अरुंद होतो. बाजार खवळला की तो आपोआप लांब सरकतो आणि शेअरची संख्या त्या प्रमाणात घटते. सौदे वेगवेगळ्या जातीच्या शेअरमधले असतील तर मी टक्क्यांऐवजी हेच माप वापरेन.

नवा स्टॉप लागू केल्यावर वहीत एक रकाना वाढवावा. स्टॉपवर सुटलेल्या प्रत्येक शेअरचं पुढे दहाव्या दिवसापर्यंत काय झालं, त्याचा नीचांक आणि बंद भाव त्यात लिहीत जायचा. सहा महिन्यांनी पुन्हा तक्ता मांडायला बसाल तेव्हा हे आकडे नसतील, तर हिशेब नव्या स्टॉपवरच तुटलेल्या सौद्यांचा होईल आणि तोच स्टॉप पुन्हा बरोबर ठरेल.